ब्रेकआउटची गाळणी: त्या वेळेच्या सरासरीशी व्हॉल्यूमची तुलना (प्रकल्प नोंदी)

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

सध्याचा स्कॅनर अगदी साधा आहे. निफ्टी ५०० मधला एखादा शेअर मागच्या २० सत्रांच्या उच्चांकावर गेला, म्हणजे ब्रेकआउट झाला, की त्याचं नाव यादीत येतं. सकाळी पावणेदहापर्यंत ही यादी इतकी लांबते, की ती वाचून होईस्तोवर त्यातले बरेचसे शेअर परत खाली आलेले असतात. व्हॉल्यूमची अट लावायला हवी, यात वाद नाही. पण व्हॉल्यूम जास्त आहे असं म्हणायचं ते कशाच्या तुलनेत?

रोजच्या सरासरीच्या दीडपट व्हॉल्यूम, ही अट सगळेच लावतात. ती साडेतीननंतर तपासायला ठीक आहे. दहा वाजता पूर्ण दिवसाचं व्हॉल्यूम कुणाच्याच हातात नसतं. त्यामुळे लोक सरासरीला वेळेच्या प्रमाणात कापतात. बाजार ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. ३० मिनिटं झाली, तर दिवसाच्या सरासरीच्या ८ टक्के अपेक्षित धरायचं. हिशोब चोख दिसतो, पण बाजार असा मिनिटामिनिटाला सारखा चालत नाही. रात्रीतून साचलेल्या बातम्या आणि ऑर्डरी पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडतात, दुपारी जेवणाच्या सुमारास सगळं थंडावतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा गर्दी होते. आलेख काढला तर दोन्ही टोकं वर आणि मधे खोलगट.

एका मिडकॅप शेअरचे आकडे गोल करून इथे ठेवतो, पुढेही हेच वापरीन. दिवसाची सरासरी १० लाख शेअर. ९:४५ पर्यंत वेळेच्या प्रमाणात ८० हजार व्हायला हवेत, पण त्या शेअरमध्ये एरवी ९:४५ पर्यंत १ लाख ८० हजार होतातच. आज झाले २ लाख. सरळ भागाकारानं उत्तर येतं अडीचपट, म्हणजे स्कॅनर ओरडणार. त्या वेळेच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना केली तर १.१. म्हणजे काहीही घडलेलं नाही, रोजची सकाळ आहे.

दुपारी नेमकं उलटं होतं. दिवसभरात ७५ पाच मिनिटांच्या कँडल, म्हणजे १० लाखांना सरासरी कँडल १३,३०० ची. पण १२:४५ च्या कँडलला हा शेअर एरवी ६ हजारच करतो. आज त्या कँडलला १५ हजार झाले. सरळ हिशोबानं १.१, कुणी ढुंकून बघणार नाही. त्या वेळेच्या हिशोबानं अडीचपट. मला हवे असलेले ब्रेकआउट बहुतेक याच जातीचे आहेत: सकाळी गुपचूप बसलेला आणि भर दुपारी कुणीतरी उचलायला लागलेला शेअर.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पहिली आवृत्ती चालू झाली. एक मिनिटाच्या कँडल, दिवस ओळीत आणि वेळ स्तंभात, मग आडवी बेरीज. मागच्या २० सत्रांत त्याच मिनिटापर्यंत सरासरी किती झालं, त्यानं आजच्या बेरजेला भागायचं. या भागाकाराला इथून पुढे आरव्हॉल म्हणतो.

```python
m = raw.pivot(index="date", columns="time", values="volume")
m = m.reindex(columns=GRID).fillna(0)
cum = m.cumsum(axis=1)
base = cum.rolling(20).mean().shift(1)
rvol = cum / base
```

दोन गोष्टी दिसायला किरकोळ, पण सोडता येत नाहीत. `shift(1)` मुळे आजचा दिवस आजच्याच सरासरीत शिरत नाही. दुसरी `fillna(0)`. छोट्या शेअरमध्ये ज्या मिनिटाला एकही सौदा झाला नाही, त्या मिनिटाची ओळच डेटामध्ये नसते. ती शून्यानं भरली नाही तर २० सत्रांत एक जागा रिकामी असली तरी `rolling(20)` सरासरीऐवजी NaN देतो, आणि नेमके शांत शेअर कधीच गाळणीतून बाहेर येत नाहीत. `GRID` मध्ये ९:१५ पासून ३:२९ पर्यंतची ३७५ मिनिटं आहेत.

उद्या सुट्टी. सोमवारी खरा डेटा जोडतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

चाचणीला याहून अवघड दिवस मिळाला नसता. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी सुधारणांची घोषणा केली आणि आज वाहन कंपन्यांचे शेअर उघडतानाच उसळले. मारुती, हिरो मोटोकॉर्प, सगळी रांग. आरव्हॉलची यादी वाहन उद्योगाचीच झाली आणि ते बरोबरच आहे.

पण एक वेगळी शंका तपासायची होती, म्हणून प्रत्येक मिनिटाला सगळ्या ५०० शेअरच्या आरव्हॉलचा मध्यक काढून ठेवला. तर्क सरळ आहे: साधारण दिवशी अर्धे शेअर नेहमीपेक्षा थोडे जास्त, अर्धे थोडे कमी चालतात, म्हणून मध्यक १ च्या आसपास राहायला हवा. साठवलेल्या लाइव्ह फीडवर जुने दिवस चालवून पाहिले तर दहानंतर तो तसाच राहतो. पण ९:२० ला जवळजवळ रोज २ च्या वर, आणि मग हळूहळू खाली. रोज सकाळी अख्खा बाजार दुप्पट कसा चालेल?

१९ ऑगस्ट, मंगळवार

कारण सापडलं, लाइव्ह आणि जुना डेटा दोन ठिकाणी जुळत नव्हता. इतिहासाच्या डेटामध्ये ९:१५ म्हणजे ९:१५ ला सुरू झालेलं मिनिट. लाइव्ह फीडमधून मी जे मिनिट बांधतो त्यावर संपण्याची वेळ पडते, म्हणजे लाइव्ह बेरीज एक मिनिट मागे राहते. मध्यक वर गेला तो दुसऱ्या गोष्टीमुळे: लाइव्ह फीडमधला दिवसाचा एकूण आकडा ९:१५ च्या आधीच्या प्री-ओपनमध्ये जुळलेले सौदे धरून येतो, आणि माझ्याकडच्या जुन्या कँडलमध्ये ते नाहीत. दिवसाच्या मध्यावर एका मिनिटाचा फरक कुणाला कळणारही नाही, पण सुरुवातीची मिनिटं दिवसातली सर्वांत जड असतात, त्यामुळे तिथे सगळं हलतं.

आता दोन्हीकडे मिनिट सुरू होण्याची वेळ, आणि लाइव्ह बेरीज ९:१५ च्या आकड्यातून प्री-ओपन वजा करून. मध्यक सकाळपासूनच १ ला टेकला. हा आलेख मी स्कॅनरच्या कोपऱ्यात कायमचा ठेवलाय. पुढे कधी तो विशिष्ट वेळेलाच रोज वाकडा दिसला, तर बाजाराकडे नाही, आधी डेटाकडे बघायचं.

चालू मिनिट अर्धवट असतं, ते अजिबात मोजत नाही. १०:३२:२० ला स्कॅन केला तर १०:३१ च्या मिनिटापर्यंतचीच तुलना.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवारच्या दिवसानं एक काम अंगावर आणलं. तो दिवस आता पुढच्या २० सत्रांच्या सरासरीत बसणार. समजा, त्या मिडकॅपमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एरवी ४० हजार शेअर होतात आणि एका बातमीच्या दिवशी ६ लाख झाले. १९ दिवस ४० हजार आणि एक दिवस ६ लाख, यांची सरासरी ६८ हजार. आता उद्या त्या शेअरमध्ये पहिल्या पाच मिनिटांत १ लाख झाले, म्हणजे नेहमीच्या अडीचपट, तर सरासरीच्या हिशोबानं आरव्हॉल १.४७ येईल आणि दीडच्या अटीला अडकून शेअर बाहेर.

एकच दिवस जवळजवळ महिनाभर तो शेअर झाकून ठेवतो. वर गंमत अशी, की १८ ऑगस्ट हा दिवस २० सत्रांच्या खिडकीतून १७ सप्टेंबरला बाहेर पडेल, आणि त्या सकाळी शेअरमध्ये काहीही न घडता आरव्हॉल एकदम वर उडी मारेल.

उपाय म्हणजे `mean()` च्या जागी `median()`. मध्यकाला ते ६ लाख म्हणजे रांगेतला फक्त एक मोठा आकडा; तो ६ लाख असो की ६० लाख, उत्तर ४० हजारच.

काकांना फोनवर सांगितलं. ते तीसेक वर्षं बाजारात आहेत, संगणकाला हात लावत नाहीत.

"म्हणजे आता मोठे दिवस मोजायचेच नाहीत म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"मोजायचे काका, पण त्यांना मत एकच."

"मग निकालाच्या हंगामात काय करशील? तेव्हा मोठे दिवस एकामागून एक येतात."

त्यांचा मुद्दा खरा आहे. २० पैकी १० च्या वर सत्रं गरम असतील तर मध्यकही चढतो. पण तेव्हा तो चढायलाच हवा, कारण त्या शेअरचं नेहमीचं व्हॉल्यूमच बदललेलं असतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज एचडीएफसी बँक बोनसनंतरच्या भावानं उघडली. बोनस एकास एक. रेकॉर्ड डेट उद्याची आहे, पण उद्या गणेश चतुर्थीची सुट्टी म्हणून भावात बदल आजच. स्कॅनरवर तिचा आरव्हॉल सकाळपासून २ च्या आसपास चिकटून होता.

खरा रस असेल तर आरव्हॉल असा चिकटून बसत नाही. बातमी आली की उसळतो, मग उतरतो, पुन्हा चढतो. इथे दिवसभर सपाट २ होता, कारण शेअरची संख्या दुप्पट आणि भाव निम्मा झाला, आणि माझ्या जुन्या एक मिनिटाच्या कँडल मात्र बोनसच्या आधीच्या संख्येत आहेत. दैनिक डेटामध्ये हा फेरफार झालेला असतो म्हणून मिनिटांच्या डेटामध्येही असेल असं धरून चालत नाही.

बोनस आणि स्प्लिटची यादी सांभाळण्यापेक्षा मी मोजमापच बदललं. शेअरच्या संख्येऐवजी रुपयांतली उलाढाल: मिनिटाचा बंद भाव गुणिले व्हॉल्यूम. बोनसनं भाव निम्मा, संख्या दुप्पट, गुणाकार तोच. मिनिटाचा बंद भाव हा त्या मिनिटातल्या प्रत्येक सौद्याचा भाव नसतो, पण या कामाला इतकी अचूकता पुरते. भाव वेगानं वाढलेल्या शेअरमध्ये उलाढालीचा आरव्हॉल संख्येपेक्षा किंचित जास्त दिसतो. २० सत्रांच्या अंतरात तेवढं मी चालवून घेतो.

दुसरं काम शेवटच्या अर्ध्या तासाचं. आज बाजार बंद होताना एमएससीआय निर्देशांकातले बदल लागू होत होते. निर्देशांकाची नक्कल करणारे फंड बंद भावाला खरेदी-विक्री उरकू पाहतात, आणि आपल्याकडे बंद भाव म्हणजे ३:०० ते ३:३० मधल्या सौद्यांची भारित सरासरी. त्यामुळे अशा दिवशी तीननंतर काही शेअरमध्ये प्रचंड आकडे दिसतात आणि त्यांचा ब्रेकआउटशी काडीचा संबंध नसतो; फंडाला भाव आवडला म्हणून नव्हे, तर घ्यावाच लागतो म्हणून घेतलेला माल असतो तो. तीननंतरचे सिग्नल मी सरसकट बंद केले. यात काही चांगले शेअर हातचे जातील, जाऊ देत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मासिक एक्स्पायरी, म्हणजे वायदे-ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस. एनएसईवरची ही गुरुवारची शेवटची. १ सप्टेंबरपासून एक्स्पायरी मंगळवारी. मनात होतं की सोमवारची तुलना मागच्या सोमवारांशीच करावी, म्हणजे एक्स्पायरीच्या दिवसांचं वेगळेपण आपोआप पाठीमागे पडेल. पण २० सोमवार गोळा करायला पाच महिने मागे जावं लागतं, आणि पाच महिन्यांपूर्वीचा शेअर आजचा शेअर नसतो. शिवाय आता वारच बदलला, म्हणजे मागचे सगळे गुरुवार चुकीच्या खणात. तो विचार सोडला.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. आज बाजार जोरात वर उघडला आणि दिवसभर ओसरत गेला. निफ्टीनं सकाळची जवळजवळ सगळी कमाई घालवली. फसवे ब्रेकआउट तपासायला असा दिवस सोन्यासारखा.

आजवरचा आरव्हॉल ९:१५ पासूनच्या बेरजेचा आहे. आज त्याची मर्यादा उघडी पडली. पुन्हा तोच मिडकॅप धरू, सोयीसाठी शेअरच्या संख्येतच. १०:१५ पर्यंत एरवी ३ लाख होतात, बातमीच्या जोरावर ६ लाख झाले, आरव्हॉल २. त्यानंतर गर्दी संपली आणि शेअर अगदी नेहमीसारखा चालू लागला. दुपारी १ पर्यंत एरवी ५ लाख ८० हजार. इथे ६ लाखांत नेहमीचे २ लाख ८० हजार मिळवून ८ लाख ८० हजार. आरव्हॉल १.५. आता १ वाजता हा शेअर दिवसाच्या उच्चांकाला हळूच पार करतो. बेरजेचा आरव्हॉल अजून अटीत बसतोय, म्हणून स्कॅनर त्याला पास करतो. पण त्या पाच मिनिटांच्या कँडलला झालेत ५,५०० शेअर, आणि त्या वेळी एरवी होतात ६ हजार. म्हणजे उच्चांक मोडताना तिथे नेहमीइतकीही माणसं नव्हती. सकाळची गर्दी दुपारच्या कागदावर सही करत होती.

बेरजेचा आरव्हॉल सांगतो की आज या शेअरकडे बाजाराचं लक्ष आहे का. ब्रेकआउटच्या क्षणी कुणी आलं का, ते त्याला सांगता येत नाही. त्यासाठी फक्त त्या पाच मिनिटांची, मागच्या २० सत्रांतल्या त्याच पाच मिनिटांशी तुलना हवी. दोन्ही अटी एकत्र लावल्या. पहिली १.५, दुसरी २. हे आकडे कुठल्या सूत्रातून आलेले नाहीत. दुसरी अट जास्त कडक ठेवली, कारण पाच मिनिटांचा आकडा स्वभावानंच जास्त उड्या मारतो.

आणि आज सकाळी मध्यकाचा कोपरा १ च्या बराच वर होता. या वेळी तो डेटाचा दोष नव्हता, खरंच सगळा बाजार नेहमीपेक्षा जास्त चालत होता. अशा सकाळी १.५ चा आरव्हॉल म्हणजे काहीच नाही. म्हणून प्रत्येक शेअरचा आरव्हॉल त्या मिनिटाच्या बाजार-मध्यकानं भागतो. बाजार १.६ वर असताना २.४ चा शेअर १.५ होतो, म्हणजे कसाबसा काठावर.

```python
rel = rvol_now / rvol_now.median()    # ५०० शेअर, एकच मिनिट
bar = bar5 / bar5_base
ok  = (rel >= 1.5) & (bar >= 2)
```

उलट शांत दिवशी बाजार ०.७ वर असला, तर १.०५ चा शेअरही १.५ होऊन आत येतो. हे मला मान्य नाही. सगळे झोपलेले असताना एक जण जांभई देतोय, याला हालचाल म्हणत नाहीत. भाजक १ पेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, एवढी ओळ जोडली.

९ सप्टेंबर, मंगळवार

एक शेअर ११:२० च्या कँडलला दोन्ही अटी पार करून आला. चार्ट उघडला तर भाव जागचा हललेला नाही. मिनिटामिनिटानं पाहिलं: ११:२१ या एकाच मिनिटात नेहमीच्या कित्येक पट उलाढाल, आजूबाजूची चार मिनिटं सुस्त. दोन मोठ्या हातांनी आपसात माल बदलला असावा. एका मिनिटाच्या अशा खांबामुळे पाच मिनिटांचा आरव्हॉल त्या कँडलपुरता फसतो, पण बेरजेचा आरव्हॉल दिवसभर वरच राहतो, आणि त्यानंतरची प्रत्येक छोटी हालचाल निम्मी परीक्षा फुकटात पास होते.

तिसरी अट: शेवटच्या पाच मिनिटांपैकी किमान तीन मिनिटं, प्रत्येक आपापल्या मध्यकाच्या वर हवीत. खऱ्या ब्रेकआउटमध्ये खरेदी एकाच्या पाठीमागे दुसरा अशी येते, एका फटक्यात नाही. बेरजेसाठी कुठल्याही मिनिटाची उलाढाल त्याच्या मध्यकाच्या दसपटीवर छाटतो. जिथे मध्यकच शून्य आहे अशा पडेल शेअरला ही छाटणी लावताच येत नाही; ते यादीतूनच काढले. २० पैकी निम्म्याहून जास्त सत्रांत ज्या मिनिटाला सौदाच होत नाही, तिथे पटीचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आता यादी दिवसाकाठी वाचून होण्याइतकी आहे. या आठवड्यात मी गाळणीतून गेलेल्यांपेक्षा अडकलेले शेअर जास्त पाहिले. एक जात वारंवार दिसते: सुरुवातीला कमी व्हॉल्यूमवर उच्चांक मोडतो, अर्धा तास त्याच्यावर टिकून राहतो, आणि मग व्हॉल्यूम येतं. गाळणी त्याला मोडण्याच्या क्षणी नाकारते, आणि स्कॅनर एकदा नाकारलेल्याकडे पुन्हा बघत नाही. आता पातळी मोडल्यावर ४५ मिनिटं, भाव पातळीच्या वर असेपर्यंत, दर मिनिटाला तिन्ही अटी पुन्हा तपासतो.

दिशेबद्दल ही गाळणी मुकी आहे, हेही लिहून ठेवतो. वरच्या पातळीवर जड उलाढाल म्हणजे कुणीतरी तितकाच माल विकतही असतो. कँडल उच्चांकाच्या वर जाऊन खाली बंद झाली आणि आरव्हॉल ४ असेल, तर मला तो शेअर नकोच आहे. त्यामुळे कँडलचा बंद भाव तिच्या उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात असावा, ही अट भावाच्या बाजूला लावली. व्हॉल्यूमच्या हिशोबात ती मिसळली नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

उद्या मुहूर्ताचं सत्र, १:४५ ते २:४५. माझ्या `GRID` ला ते ९:१५ ला सुरू होऊन साडेचार तास एकही सौदा न झालेला दिवस वाटेल, आणि तो दिवस नंतर २० सत्रं पायात घुटमळत राहील. मध्यक त्याला बराचसा पचवेल, पण आत घ्यायचंच कशाला? सत्रांच्या यादीत `skip` असा स्तंभ केला आणि त्यात अशा तारखा टाकल्या: मुहूर्ताचे दिवस, २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ चे शनिवारचे छोटे सत्र, आणि २४ फेब्रुवारी २०२१, ज्या दिवशी एनएसई ११:४० ला थांबून ३:४५ ला पुन्हा चालू झाली आणि ५ पर्यंत चालली. १ फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्पाचा शनिवार मात्र पूर्ण वेळेचा होता, तो आत ठेवलाय.

परवा बुधवारीही बाजार बंद. गुरुवारी सकाळी पहिल्यांदा मध्यकाचा कोपरा बघायचा, मग यादी.